पहारेकरी नेमका कुठे उभा करायचा?

शनिवार, ११ ऑगस्ट २०१८. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेची नकली कार्डं घेऊन २८ देशांतली माणसं एटीएमसमोर उभी राहिली आणि काही तासांत सुमारे १२,००० व्यवहारांतून ७८ कोटी रुपये काढून मोकळी झाली. त्याच दिवशी भारतात २,८४९ व्यवहारांतून आणखी अडीच कोटी गेले. मग सोमवारी, १३ ऑगस्टला, स्विफ्टच्या मार्गाने १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगच्या एका खात्यात जाऊन पडले. बेरीज करा : ९४ कोटी ४२ लाख! कुठे कुलूप तुटलं नाही, कुणाच्या हातात पिस्तूल नव्हतं.

मित्रांनो, चोरांची गोष्ट पेपरवाल्यांनी सांगून झाली आहे. २०२३ मध्ये पुण्याच्या कोर्टाने त्यातल्या ११ जणांना दोषीही ठरवलं. मला इथे बोलायचंय ते पहारेकऱ्याबद्दल. नेटवर्क सिक्युरिटीच्या पेपरात ‘आयडीएस आणि आयपीएस यांतील फरक स्पष्ट करा’ हा प्रश्न येतो, आपण दोन कॉलम आखतो, सहा मुद्दे लिहितो आणि मार्क घेतो. पण हा पहारेकरी कुठे उभा राहतो, तिथून त्याला काय दिसतं आणि काय दिसतच नाही, हे त्या दोन कॉलमांत येत नाही. म्हणून आपण कॉसमॉसच्या प्रकरणातला रस्ता घेऊ आणि त्यावर आपले पहारेकरी एकेक करून उभे करून बघू.

आधी रस्ता

समजा, कॉसमॉसचं व्हिसा कार्ड कुणीतरी परदेशातल्या एटीएममध्ये घातलं. ते मशीन दुसऱ्याच बँकेचं. ते काय करतं? ‘या कार्डावर इतके पैसे देऊ का?’ अशी मागणी व्हिसाच्या नेटवर्ककडे पाठवतं. व्हिसा ती मागणी कार्ड देणाऱ्या बँकेकडे, म्हणजे पुण्याला पाठवतं. पुण्यात ती पहिल्यांदा पोचते ‘एटीएम स्विच’ नावाच्या सर्व्हरवर. हा आपल्या लॅबमधला आठ पोर्टचा स्विच नव्हे हं! हा व्यवहारांचे निरोप इकडून तिकडे पोचवणारा कॉम्प्युटर. स्विच ती मागणी आत कोअर बँकिंगकडे नेतो. खात्यात शिल्लक किती, कार्ड बंद केलंय का, आजची मर्यादा संपली का, हे सगळं माहीत असतं ते कोअर बँकिंगलाच. तिथून ‘हो’ किंवा ‘नाही’ येतं, ते स्विचकडून व्हिसाकडे आणि शेवटी मशीनकडे जातं. मग नोटा मोजल्याचा आवाज येतो.

म्हणजे रस्त्याचे दोन तुकडे झाले. पहिला, व्हिसा ते स्विच. दुसरा, स्विच ते कोअर बँकिंग. लेखाच्या शेवटपर्यंत हे दोन तुकडे डोक्यात ठेवा.

चोरांनी केलं काय? बँकेच्या आत मालवेअर शिरवून खऱ्या स्विचच्या जोडीला एक खोटा स्विच उभा केला. व्हिसाकडून आलेल्या मागण्या कोअर बँकिंगपर्यंत पोचल्याच नाहीत. खोटा स्विच मधल्या मध्ये ‘हो, द्या पैसे’ म्हणत राहिला. कुणाच्या खात्यातून रक्कम वजा झाली नाही, कारण खात्यांना विचारलंच कुणी नाही. फटका थेट बँकेला बसला.

एका शब्दाचा फरक

आता पहारेकऱ्यांची ओळख. त्र्यंबक रोडला पोलीस अकादमी असल्यामुळे आपल्याकडे आयपीएस म्हटलं की खाकी वर्दीच आठवते. पण आपला आयपीएस म्हणजे इंट्रूजन प्रिव्हेन्शन सिस्टिम. आणि आयडीएस म्हणजे इंट्रूजन डिटेक्शन सिस्टिम. एक घुसखोरी ओळखून ओरडतो, दुसरा ओळखून अडवतो. दोघांचा मेंदू बहुतेक वेळा एकच असतो. १९९८ साली मार्टिन रोश याने लिहिलेला स्नॉर्ट हा प्रोग्राम दोन्ही कामं करतो. त्याचा एक साधा नियम बघा :

```
alert tcp any any -> 10.10.5.20 23 (msg:"Telnet to ATM switch"; flags:S; sid:1000001; rev:1;)
```

समजा, 10.10.5.20 हा आपला एटीएम स्विच. नियम म्हणतो : कुठूनही, कुठल्याही पोर्टवरून, या पत्त्याच्या २३ नंबरच्या पोर्टवर टीसीपी जोडणी सुरू करायचा प्रयत्न झाला, तर ओरड. २३ म्हणजे टेलनेट. `flags:S` म्हणजे जोडणीचं पहिलं पॅकेट, दारावरची टकटक. `sid` हा नियमाचा नंबर. आपण स्वतः लिहिलेल्या नियमांना दहा लाखांच्या पुढचे नंबर द्यायची पद्धत आहे.

आता `alert` खोडून तिथे `drop` लिहा. झाला आयपीएस! तेच पॅकेट आता पुढे जाणारच नाही.

मात्र नुसता शब्द बदलून भागत नाही, उभं राहायची जागाही बदलावी लागते. आयडीएस रस्त्याच्या कडेला असतो. नेटवर्क स्विचच्या एका पोर्टवर सगळ्या रहदारीची नक्कल काढून द्यायची सोय असते, तिला मिरर पोर्ट म्हणतात. आयडीएस ती नक्कल वाचतो. मूळ पॅकेट तोवर आपल्या वाटेने निघून गेलेलं असतं. म्हणून आयडीएस बंद पडला तरी रहदारी चालू राहते, पण त्याला काही दिसलं तरी ते आधीच घडून गेलेलं असतं.

आयपीएस रस्त्याच्या मधोमध उभा असतो. प्रत्येक पॅकेट त्याच्या पोटातून जातं. त्याने थांबवलं तर थांबलं. आणि तोच बंद पडला तर? मग आधीच ठरवावं लागतं : बंद पडल्यावर रस्ता उघडा राहू द्यायचा, की बंद करायचा? उघडा ठेवला तर तेवढा वेळ पहारा नाही. बंद केला तर एक पॉवर सप्लाय उडाल्यामुळे सगळ्या शाखांचं काम ठप्प. दोन्ही उत्तरांना किंमत आहे आणि ती बँकेला आधी ठरवावी लागते, रात्री दोन वाजता फोन आल्यावर नाही.

सिग्नेचर : फोटो लावलेला चोर

वर लिहिलेला नियम म्हणजे सिग्नेचर. पोलीस चौकीत ‘यांच्यापासून सावध’ म्हणून फोटो लावलेले असतात ना, तसंच. फोटोतला माणूस दिसला की पकडा. फोटो नसेल तर तो माणूस शांतपणे समोरून जाईल.

सिग्नेचरची ताकद तिच्या नेमकेपणात आहे. उदाहरण जवळचंच आहे. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाच्या मालवेअरने जगभर धुमाकूळ घातला, त्यात आपल्या जेएनपीटी बंदरातल्या मर्स्क समूहाच्या टर्मिनलचं काम बंद पडलं. हे मालवेअर एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर उडी मारताना विंडोजमधला एक दोष वापरायचं. मायक्रोसॉफ्टने त्यावरचा पॅच त्याच वर्षी मार्चमध्ये दिला होता आणि तो दोष वापरणाऱ्या पॅकेटांच्या सिग्नेचरही तोवर बनल्या होत्या. अशी पॅकेटं चांगल्या कामासाठी कुणी पाठवत नाही. त्यामुळे इथे बिनधास्त `drop` लिहावं, चुकायची भीती जवळपास नाही.

पण त्याच मालवेअरकडे दुसरी युक्ती होती. ते मशीनच्या मेमरीतून ॲडमिनचे पासवर्ड उचलायचं आणि ॲडमिन रोज वापरतात तीच हत्यारं वापरून पुढच्या मशीनवर जायचं. आता सांगा, याची सिग्नेचर काय लिहाल? ‘ॲडमिनने लॉगिन केलं की अडवा’? मग खरा ॲडमिन काम कसं करणार? फोटो चोराचा असतो तोवर ठीक. चोराने वॉचमन काकांचाच शर्ट घातला की फोटो निकामी.

कॉसमॉसच्या रस्त्यावर नेमकं हेच होतं. एटीएममधून आलेली मागणी दिसायला अस्सल. ‘हो, द्या’ हे उत्तरही नियमानुसार, सगळे रकाने बरोबर भरलेलं. एकेक निरोप सुटा बघितला तर त्यात फोटोशी जुळण्यासारखं काहीच नाही.

ॲनोमली : रोजची सवय आणि आजचा दिवस

दुसरी पद्धत फोटो ठेवतच नाही. ती रोजची सवय लक्षात ठेवते आणि आज काय वेगळं आहे ते सांगते. डोरोथी डेनिंग यांनी १९८७ मध्ये एका शोधनिबंधात ही कल्पना नीट मांडली : प्रत्येक युजरचं, प्रत्येक यंत्राचं नेहमीचं वागणं आकड्यांत उतरवा आणि त्यापासून फार लांब गेलेलं काही दिसलं की संशय घ्या.

कॉसमॉसच्या आकड्यांवर हे करून बघू. समजा (हा आकडा माझा, उदाहरणापुरता), एखाद्या बँकेत परदेशी एटीएममधून ताशी सरासरी ४० मागण्या येतात आणि स्टँडर्ड डेव्हिएशन १० आहे. सरासरीच्या पुढे तीन डेव्हिएशन, म्हणजे ताशी ७० च्या वर गेलं की घंटा वाजवायची असं ठरवलं. आता त्या शनिवारचे १२,००० व्यवहार घ्या. ते काही तासांत झाले, पण आपण उदार होऊन पूर्ण २४ तासांत पसरवू. तरी ताशी ५०० होतात. ७० ची रेघ कुठल्या कुठे राहिली! दुसरी खूण रकमेची. ७८ कोटी भागिले १२,००० म्हणजे एका व्यवहाराला सरासरी ६५,००० रुपये. भारतातल्या व्यवहारांची सरासरी काढा, ती पावणेनऊ हजारांच्या आसपास येते. एकाच बँकेची कार्डं, एकच दिवस आणि सरासरीत सातपटीहून जास्त फरक.

म्हणजे ॲनोमली पद्धत जिंकली? थांबा. २०१५ मध्ये आपल्याकडे सिंहस्थ झाला. शाही स्नानाच्या दिवशी पंचवटीतल्या एटीएमच्या आलेखाकडे सवय शिकलेल्या यंत्राने बघितलं असतं तर? लाखो माणसं, सगळी बाहेरगावची कार्डं, भलत्या वेळी पैसे काढणं... यंत्राच्या लेखी तो शहरभर पडलेला दरोडाच. ॲनोमली म्हणजे ‘वेगळं’, ‘वाईट’ नव्हे. हा फरक यंत्राला कळत नाही, माणसालाच करावा लागतो.

आणि माणसाच्या वेळेचा हिशोब फार वाईट असतो. समजा, दिवसाला १ लाख व्यवहार होतात आणि आपला डिटेक्टर फक्त १ टक्का वेळा विनाकारण ओरडतो. ९९ टक्के बरोबर म्हणजे आपल्या भाषेत डिस्टिंक्शन! पण १ लाखाचा १ टक्का म्हणजे रोज १,००० खोट्या ओरडी. प्रत्येक तपासायला दोन मिनिटं धरली तरी ३३ तास झाले, आणि दिवस चोवीसच तासांचा आहे. आठवड्याभरात ड्युटीवरचा माणूस स्क्रीनकडे बघणं सोडून देतो. ‘लांडगा आला रे आला’ची गोष्ट आपल्याला लहानपणीच सांगितलीये.

आणखी एक खोच. यंत्र सवय शिकत असतानाच चोर आत बसलेला असेल तर त्याची हळूहळू चाललेली हालचालसुद्धा ‘रोजचीच’ म्हणून शिकली जाते. म्हणून शिकवणीचा काळ कुठला निवडला, हे कुठलं सॉफ्टवेअर घेतलं याच्याइतकंच महत्त्वाचं.

आता जागा ठरवू

पहिला पहारेकरी बँकेच्या इंटरनेटच्या तोंडाशी, फायरवॉलच्या लगेच आत ठेवू. फायरवॉलच्या बाहेर ठेवला तर जगभरातून चाललेले पोर्ट स्कॅन मोजत बसेल, रोज हजारो ओरडी, उपयोग शून्य. आत ठेवला तर फायरवॉलने सोडलेलंच त्याला दिसतं, म्हणजे खरोखर दखल घ्यावी असं. इथे सिग्नेचर आणि `drop` शोभतात. पण तो बघतो फक्त आत-बाहेर करणारी रहदारी. आत शिरलेला चोर एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला तर याला पत्ता नाही.

दुसरा आतल्या भागांच्या मधे. ऑफिसचे पीसी एका भागात, एटीएम स्विच दुसऱ्या भागात आणि दोन्हींमधल्या वाटेवर पहारा. स्विचशी बोलायचं काम मोजक्याच यंत्रांना असतं, त्यामुळे यादी छोटी करता येते : अमुक चार पत्ते सोडून कुणीही टकटक केली तर अडवा. वरचा टेलनेटचा नियम इथलाच. क्लार्कच्या पीसीवरून स्विचला टेलनेट, याला सबब नाही.

तिसरा खुद्द सर्व्हरवर. याला होस्ट आयडीएस म्हणतात. नेटवर्कवरची रहदारी एन्क्रिप्ट केलेली असेल तर रस्त्यावरच्या पहारेकऱ्याला बंद लखोटाच दिसतो. सर्व्हरवर बसलेल्याला लखोटा उघडल्यानंतरचं दिसतं : कुठला प्रोग्राम चालू झाला, कुठली फाइल बदलली. पण यालाही मर्यादा आहे. ऑक्टोबर २०१८ मध्ये अमेरिकन सरकारने एटीएम स्विचवरच्या अशाच हल्ल्यांबद्दल, फास्टकॅश या नावाने, इशारा दिला. त्यात वर्णन होतं की चोर आपला कोड स्विचच्या चालू प्रोग्रामच्या मेमरीत घुसवतात. मूळ प्रोग्रामची फाइल डिस्कवर जशीच्या तशी. फक्त फाइलींचे हॅश तपासणारा पहारेकरी ‘सब ठीक’ म्हणणार.

शांतता ऐकणारा पहारेकरी

आता ते रस्त्याचे दोन तुकडे आठवा. पहिल्या तुकड्यावर, व्हिसा आणि स्विचच्या मधे, पहारेकरी उभा करा. त्याला काय दिसेल? मागण्या येतायत, उत्तरं जातायत. गर्दी जास्त, पण कारभार चालू. दुसऱ्या तुकड्यावर, स्विच आणि कोअर बँकिंगच्या मधे, दुसरा उभा करा. त्याला काय दिसेल? त्या मागण्यांपैकी काहीच नाही! त्याच्या लेखी निवांत शनिवार.

दोघेही खरं सांगतायत आणि दोघांपैकी एकाच्याही नोंदवहीत गुन्हा नाही. गुन्हा दिसतो तो दोन वह्या शेजारी ठेवल्यावर. बाहेरून शंभर मागण्या आल्या तर आतही शंभरच्या आसपास विचारणा जायला हव्यात. बाहेर शंभर आणि आत शून्य म्हणजे ‘हो’ कोण म्हणतंय? या प्रकरणातली मला सर्वात पटलेली गोष्ट हीच. आपण घुसखोरी म्हणजे काहीतरी जास्तीचं, आवाज करणारं शोधत असतो. इथे खूण होती न आलेल्या पॅकेटांची. न आलेल्या पॅकेटाची सिग्नेचर लिहिता येत नाही, ते मोजावंच लागतं.

लखोटे बंद असले तरी ही मोजणी साधारण जमते, कारण मजकूर वाचायची गरज नाही. दर मिनिटाला दोन्ही बाजूंना किती निरोप गेले एवढं पुरतं.

याही घंटेला खोटं वाजायची सवय आहेच. कोअर बँकिंग बंद असताना ठरावीक छोट्या मर्यादेपर्यंत स्विचने स्वतःच ‘हो’ म्हणावं, अशी अधिकृत सोय असते. त्या वेळी बाहेर शंभर, आत शून्य हे अगदी कायदेशीर असतं. म्हणून घंटेला एक प्रश्न जोडावा लागतो : कोअर बँकिंग खरोखर बंद आहे का? ते चालू आहे, इतर शाखांचं काम व्यवस्थित होतंय, आणि तरीही स्विच त्याला विचारत नाहीये, तर मात्र झोपलेल्या साहेबांना उठवायलाच हवं.

अडवायचं की ओरडायचं?

मग ही दोन वह्यांची घंटा थेट आयपीएसला जोडून रस्ताच बंद का करू नये? करता येईल. पण चुकून वाजली तर बाहेरगावी हॉस्पिटलच्या काउंटरवर उभ्या असलेल्या माणसाचं कार्ड चालणार नाही. आणि न वाजवता नुसती नोंद करून सोमवारी वाचायची म्हटलं, तर शनिवारीच ७८ कोटी गेलेले असतात. दोन्हींच्या मधली वाट म्हणजे थोडंसं अडवणं : घंटा वाजली की फक्त परदेशातले व्यवहार थांबवा, किंवा रकमेची मर्यादा एकदम खाली आणा, आणि त्याच क्षणी माणसाला फोन करा. खोटी ओरड असेल तर नुकसान थोडं, खरी असेल तर भोक लहान राहतं.

म्हणून दोन कॉलमांचं उत्तर मी असं लिहीन. जे शंभर टक्के वाईट आहे, ज्याचा फोटो आपल्याकडे आहे, ते रस्त्याच्या मधोमध उभं राहून अडवा. जे फक्त वेगळं आहे, ते कडेला उभं राहून बघा, ओरडा आणि माणसाला ठरवू द्या. आणि पहारेकरी किती ठेवले हे मोजण्याआधी त्यांच्या वह्या एकमेकींशी ताडून कोण बघतं ते विचारा. फोन करायचा तो नंबर शनिवारी दुपारी उचलला जातो का, हेही विचारा. पुण्यातला तो शनिवार होता आणि सोमवारी स्विफ्टचा रस्ताही उघडाच होता.